जयंतीच्या दुसऱ्या दिवशी एक लाख

लातूर-नांदेडकडं लग्नाचं जेवण पूर्वी किलोवर ठरायचं. आचारी ओसरीत येऊन बसायचा, चहा व्हायचा, "माणूस किती धरायचा?" एवढं तो विचारायचा आणि यादी सांगायला लागायचा. शंभर माणसांना आठ-दहा किलो तांदूळ, तुरीची डाळ इतकी, बुंदीला बेसन इतकं, तेलाचे डबे इतके. यजमान ती यादी खिशात घालून लातुरात गंजगोलाईला नाही तर नांदेडात मोंढ्यावर जायचा. माल घरचा, मजुरी आचाऱ्याची. कमी-जास्त काय झालं ते डोळ्यांना दिसायचं, कारण पोतं तरी उरायचं किंवा रिकामं तरी व्हायचं.

आता बहुतेक घरांत जेवण 'पर प्लेट' ठरतं आणि बोलणी फोनवर होतात. पोतं नाही, डबा नाही, मध्ये फक्त बोललेले शब्द. वीस मिनिटांच्या त्या बोलण्यातून पक्कं काय ठरलं हे घरातल्या दहा माणसांना कळेल असं लिहून काढणं, हे काम कुणाच्या तरी अंगावर येतं. ते सहसा घरातल्या अशा पोरीच्या अंगावर येतं जिचं अक्षर बरं असतं आणि जिला मधेच "थांबा, परत सांगा" म्हणायची लाज वाटत नाही.

नमुना म्हणून असा एक फोन घेऊ. घर कल्पनेतलं आहे आणि दर त्या घरापुरते आहेत. सगळीकडे तेच असतात असं नाही. मुलगी नांदेडची, मुलगा लातूरचा. लग्न नांदेडच्या मंगल कार्यालयात, रविवार, 26 एप्रिल 2026, मुहूर्त दुपारी 12.35. यंदा 17 मेपासून अधिक ज्येष्ठ, म्हणजे महिनाभर लग्नं नाहीत. त्यामुळं एप्रिलच्या तारखांवर गर्दी, आणि कॅटरर त्याच दिवशी आणखी एखादं काम धरून बसलेला असणार हे गृहीत धरायचं. फोन मुलीच्या काकांनी लावलाय, स्पीकरवर. शेजारी पुतणी वही घेऊन बसली आहे. पलीकडचा माणूस गोड बोलणारा.

"काका, तुम्ही काळजीच करू नका. घरचंच लग्न समजून करायलोत आम्ही."

हे वाक्य वहीत लिहायचं नसतं. ते खोटं असतं असं नाही, पण त्यात ताट नाही, रुपया नाही आणि तारीखही नाही.

पुतणीचं पहिलं शहाणपण असं की ती बोलणं ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं टिपते, बाजूला घड्याळातली मिनिटं टाकते आणि विषयवार मांडणी फोन ठेवल्यावर करते. याचं कारण काकांच्याच फोनमध्ये सापडतं. सहाव्या मिनिटाला कॅटरर म्हणाला, तीनशे रुपये ताट. त्यात पुरी, साधं वरण, मसालेभात, वांग्याची भाजी, पनीर, बटाट्याची सुकी भाजी, मिरची भजी, बुंदी, गुलाबजाम, मठ्ठा, कोशिंबीर, पापड, लोणचं. नवव्या मिनिटाला काकांनी घासाघीस करून दर दोनशे ऐंशीवर आणला. त्यावर पलीकडून हळूच आलं, "मग सुकी भाजी राहू द्या काका, तसंही कोण खातंय बफेत." काका "हां हां" म्हणाले आणि पुढं गेले. चौदाव्या मिनिटाला जिलेबी निघाली.

"जिलेबी लाइव्ह ठेवू का? गरम-गरम. मस्त वाटते."

"बघा की. पोरांना आवडते."

"ठीक. करून टाकू."

फोन संपल्यावर काकांच्या डोक्यात काय राहिलं? दोनशे ऐंशी रुपयांत सगळं, वर जिलेबी. कॅटररच्या डोक्यात काय राहिलं? दोनशे ऐंशीत सुकी भाजी वगळून बाकीचं, आणि जिलेबीचा स्टॉल वेगळ्या पैशानं. दोघंही खरं बोलतायत. लग्नाच्या दिवशी कढईवाला माणूस येऊन उभा राहतो, जिलेबी झकास होते आणि बिलात तिची वेगळी ओळ निघते, ती याच कारणानं. दर सांगून झाल्यावर जे वाढतं ते त्या दरात आहे असं कुणी म्हणालेलं नसतं. दर उतरताना जे गळतं ते मात्र कुणीतरी पुटपुटलेलं असतं. म्हणून पुतणीच्या वहीत मिनिटं हवीत. सहाव्याला काय होतं, नवव्याला काय गेलं, चौदाव्याला काय आलं, आणि आल्याचा भाव निघाला का. निघाला नव्हता. ती जिलेबी मेनूत लिहीत नाही, 'राहिलेलं' म्हणून खाली लिहिते.

काहीजण हा सगळा कॉल रेकॉर्ड करतात आणि ग्रुपवर टाकून मोकळे होतात. वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग घरात कुणीही शेवटपर्यंत ऐकत नाही. पहिली दोन मिनिटं ऐकून 'छान ठरलं' असा अंगठा येतो. भांडण झाल्यावर ते ऐकायला मात्र सगळे जमतात.

मेनूच्या खालोखाल, खरं तर मेनूच्याही वर, आकड्याचा घोळ. काका फोनवर म्हणाले, "सहाशे माणूस धरा." कॅटरर म्हणाला, "सहाशे गॅरंटी." एकाच आकड्याच्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काकांचे सहाशे म्हणजे येतील अशी अंदाजी माणसं. कॅटररचे सहाशे म्हणजे इतक्या ताटांचे पैसे मिळणारच, मग पाचशे चाळीस जेवोत की पाचशे. पाचशे चाळीस आले तर साठ ताटांचे सोळा हजार आठशे रुपये न जेवलेल्या माणसांचे जातात. त्यामुळं अनुभवी घर येणारी माणसं सहाशे वाटत असली तर गॅरंटी साडेपाचशेचीच देतं आणि वरच्या पन्नास-शंभर ताटांचा दर आधी बोलून घेतं. आपल्या काकांनी तसं केलं नाही; सहाशे बोलून बसले. पण पुतणीनं मधे तोंड घालून दोन गोष्टी विचारल्या. सहाशेच्या वर किती जणांपर्यंत याच दरानं? उत्तर आलं, पन्नास. आणि आकडा बदलायचा झाला तर कधीपर्यंत? "आठ दिवस आधी सांगा, कमी करायचं असलं तरी." आठ दिवस आधी म्हणजे शनिवार, 18 एप्रिल. ही तारीख टिपणात पैशांच्या तारखांइतकीच ठळक हवी, कारण ती उलटली की सहाशेचे पाचशे नव्वदसुद्धा होत नाहीत.

मग ताटं मोजायची कशी हा प्रश्न. पंगतीत पानं मोजणं सोपं होतं, एका रांगेत पन्नास बसले की पन्नास. बफेत माणूस मोजत नाहीत, ताट मोजतात. कॅटरर सकाळी साडेसहाशे ताटं मोजून मांडतो आणि शेवटी गठ्ठ्यात उरलेली वजा करतो. हा हिशोब सरळ आहे, पण एका अटीवर : मधे उष्टी ताटं धुऊन पुन्हा रांगेत येता कामा नयेत. आली तर गठ्ठ्यावरचा हिशोब फसतो, मग उष्ट्या ताटांचे क्रेट मोजायचे की काय यावर वाद होतो, आणि तोवर मोजणारे दोघंही दमलेले असतात. जो पाहुणा भातासाठी दुसरं ताट उचलतो तो दोनदा मोजला जातो. बँडवाले, फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर जेवतात. त्यांची ताटं यजमानाच्या खात्यात. वाढपी आणि आचारी जेवतात ती कॅटररच्या खात्यात. पाच वर्षांखालची पोरं आईच्या ताटात जेवली तर कुणाच्याच नाही. पुतणीनं हे सगळं विचारलं नाही. तिनं एवढंच पक्कं केलं की मोजणी गठ्ठ्यावर होईल, ताटं पुन्हा वापरणार नाहीत, आणि सुरुवातीला व शेवटी मोजताना मामा तिथं उभे राहतील. मामांचं नाव टिपणात आलं की मामाही वेळेवर येतात.

नाश्त्याचा आकडा मात्र या घरात गाड्यांवरून निघतो. वऱ्हाड लातूरहून येणार, तीन तासांचा रस्ता, तीन बस आणि काही जीप. बस पन्नासाच्या धरल्या तर दीडशे, जीपचे पन्नास, झाले दोनशे. चहा, सुशीला आणि शिरा, सत्तर रुपये. आदल्या दिवशीची हळद संध्याकाळी कार्यालयातच. तिथं भाकरी, पिठलं, ठेचा, वरण-भात. दीडशे ताटं, एकशे साठ रुपये. या दोन्हींना गॅरंटी आहे का? फोनवर कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तीही खाली 'राहिलेलं' म्हणून.

इथं पुतणीनं एक ओळ घातली जी बहुतेक टिपणांत नसते : जेवण किती वाजता तयार. मुहूर्त 12.35 चा असला तरी मंगलाष्टका, आहेर, फोटो यांतून पहिलं ताट दोनच्या आत उचललं जात नाही हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, फक्त कॅटररशी बोलताना कुणी सांगत नाही. तो मुहूर्ताच्या हिशोबानं साडेअकराला भात उतरवतो. एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये, तो भात अडीचपर्यंत कोमट राहतो, आणि कोमट राहणं हेच वाईट. शिजलेलं अन्न साधारण साठ अंशांच्या वर राहिलं तर टिकतं, त्याखाली तासनतास राहिलं की बिघडायला लागतं. मे 2022 मध्ये निलंगा तालुक्यातल्या केदारपूरच्या लग्नात भात, वरण, वांग्याची भाजी आणि बुंदी असं साधंच जेवण होतं, आणि तीनशेहून जास्त माणसांना विषबाधा झाली. त्यात बासुंदी नव्हती, श्रीखंड नव्हतं. म्हणजे दुधाचं टाळलं की सुटलो असं नसतं. काकांनी आधी हे हसण्यावारी नेलं. पुतणीनं पलीकडच्या माणसालाच विचारलं, "दादा, भात दोन टप्प्यांत टाकता येईल का?" तो म्हणाला, "येतंय की. पहिला साडेबाराला उतरवतो, दुसरा दोनला." हे तो न विचारता बोलला नसता, आणि विचारल्यावर त्याला काही जड गेलं नाही.

पाण्याचंही असंच. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या लातूरनं पाहिलं, तिथल्या सोयऱ्यांना पाण्याची ओळ वेगळी सांगावी लागत नाही. प्यायचे जार कॅटररचे, स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं पाणी कार्यालयाचं, टँकर मागवावा लागला तर पैसे कार्यालयाकडं. मठ्ठ्यात बर्फ खायचाच हवा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला महाराष्ट्रात निळा रंग घालायचा नियम 2018 मध्ये आला, तेव्हा लादी निळसर दिसली तर ती पातेल्याबाहेरच ठेवायची.

आता पैसा. दुपारची सहाशे ताटं दोनशे ऐंशीनं एक लाख अडुसष्ट हजार. नाश्ता चौदा हजार. हळद चोवीस हजार. मिळून दोन लाख सहा हजार. काकांनी बेरीज तिथंच संपवली. पण फोनमध्ये एक वाक्य होतं, "पक्कं बिल लागलं तर जीएसटी वेगळा हं." जीएसटी म्हणजे जणू लोणच्यासारखा, हवा असला तर वाढायचा! नोंदणी असलेल्या कॅटररला अशा बाहेरच्या जेवणावर पाच टक्के लावावा लागतो, नोंदणी नसलेल्याला तो मागताच येत नाही. म्हणून टिपणात 'जीएसटी बघू' असं लिहून चालत नाही. पुतणीनं नोंदणी क्रमांक मागून घेतला. क्रमांक आला, तेव्हा पाच टक्क्यांचे दहा हजार तीनशे धरले आणि एकूण झाले दोन लाख सोळा हजार तीनशे.

हा आकडा दोन लाखांच्या वर गेला आणि त्यातून दुसरीच गोष्ट निघाली. घरातल्या मोठ्यांचा विचार सगळं रोखीनं द्यायचा होता, तीन हप्त्यांत. आयकराच्या 2017 पासूनच्या नियमानुसार एकाच प्रसंगासाठी एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हप्ते वेगवेगळ्या दिवशी केले तरी लग्न एकच असतं, त्यामुळं बेरीज एकच धरली जाते. दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नाही, पण त्यामुळंच कॅटरर शेवटच्या दिवशी रोख नाकारतो आणि लग्नघरात बँकेचं ॲप उघडून कुणाच्या खात्यातून पाठवायचे यावर खलबत चालतं. तेव्हा मधला मोठा हप्ता आधीच खात्यात टाकायचं ठरलं.

तारखांचं बोलणं कसं झालं ते ऐकण्यासारखं होतं. विसारापोटी एकवीस हजार आधीच गेले होते. पुढचा लाख कधी, असं विचारल्यावर पलीकडून आलं, "जयंती झाली की दुसऱ्या दिवशी टाका काका." मराठवाड्यात एप्रिलमध्ये जयंती म्हटलं की कुणाची हे विचारावं लागत नाही, 14 एप्रिल. तरी टिपणात 'जयंतीच्या दुसऱ्या दिवशी' लिहायचं नाही. तिथं लिहायचं : बुधवार, 15 एप्रिल. कारण टिपण पुण्याच्या आत्याही वाचणार आहेत आणि पैसे त्यांच्याच मुलाच्या खात्यातून जायचेत. पण इथं पुतणी अडली. पैसे 15 तारखेला, आणि आकडा बदलायची मुदत 18. म्हणजे लाख रुपये गेल्यावर ताटं कमी झाली तर? तिनं विचारलं. "मग शेवटच्या हिशोबात वळते करू," असं उत्तर आलं. हे उत्तर ठरल्यात जमा. उरलेले पंचाण्णव हजार तीनशे लग्नाच्या दिवशी, मोजणी झाल्यावर, जास्तीच्या ताटांसह.

रात्री तिनं ग्रुपवर टाकलं ते असं होतं :

"26 एप्रिल, दुपार : 600 ताटं (गॅरंटी), दर 280. पुढची 50 याच दरानं. पुरी, वरण, मसालेभात, वांगं, पनीर, मिरची भजी, बुंदी, गुलाबजाम, मठ्ठा, कोशिंबीर, पापड, लोणचं. सुकी भाजी नाही. भात दोनदा, 12.30 आणि 2. नाश्ता 200, दर 70, सकाळी 9. हळद 25 एप्रिल संध्याकाळी, 150, दर 160. जीएसटी धरून एकूण 2,16,300. दिले 21,000. 15 एप्रिलला 1,00,000 बँकेतून. 26 ला 95,300 अधिक जास्तीची ताटं. आकडा बदलायचा तर 18 एप्रिलपर्यंत. ताटं मोजायला मामा. अजून ठरायचं : जिलेबी हवी का आणि किती पैसे, नाश्ता-हळदीला गॅरंटी आहे का."

मग घरातलं ज्यानं-त्यानं आपलं वाचलं. वडिलांनी शेवटचा आकडा. आईनं सुकी भाजी नाही एवढंच, आणि त्यावर दहा मिनिटं. आत्यांनी 15 एप्रिल. मामांनी मामा.

ग्रुपवर टाकून काम संपत नाही. पुढची पायरी मात्र फार घरांत होत नाही : तेच टिपण, एक शब्दही न बदलता, कॅटररला पाठवायचं आणि खाली लिहायचं की यात काही चुकलं असेल तर उद्यापर्यंत कळवा. तोंडी बोलणंही करारच असतं, भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि सगळंच कागदावर हवं असं तो म्हणत नाही. पण काय बोललो होतो हे दोन महिन्यांनी, कढई चढलेली असताना, कुणी कुणाला पटवून द्यायचं? कॅटररनं वाचलं आणि दोन दुरुस्त्या पाठवल्या. जास्तीची पन्नास ताटं त्याच दराची, पण गुलाबजाम मोजून येतात, ते सहाशे पन्नासच्या हिशोबानं आणायचे तर आदल्या रात्रीपर्यंत सांगा. आणि जिलेबी पूर्ण लग्नाला मिळून नऊ हजार. काका म्हणाले, राहू द्या जिलेबी. आई म्हणाली, त्याऐवजी सुकी भाजी घ्या. भाजीला ताटामागं आठ रुपये निघाले, सहाशे ताटांचे चार हजार आठशे आणि त्यावरचा कर दोनशे चाळीस. एकूण झाले दोन लाख एकवीस हजार तीनशे चाळीस, आणि शेवटचा हप्ता एक लाख तीनशे चाळीस. पुतणीनं जुनं टिपण तसंच ठेवून नवं पाठवलं, वर 'दुरुस्त' आणि तारीख घालून, नाही तर जुनं पुढं पाठवणारा एक तरी मेहुणा निघतोच.

एक प्रश्न मात्र आजीनं काढला, तोही सगळं झाल्यावर. उरलेलं अन्न कुणाचं? आचाऱ्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता. माल घरचा, तेव्हा उरलेली बुंदीही घरची, आणि सोयऱ्यांच्या डब्यांत ती भरून द्यायची हा मानाचा भाग. 'पर प्लेट'मध्ये घर ताट विकत घेतं, पातेलं नाही, आणि कॅटरर उरलेलं आपलं समजून टेम्पोत चढवतो. सहाशेची गॅरंटी देऊन साडेपाचशे जेवले तर पन्नास ताटांचं अन्न नक्की कुणाचं, हे फोनच्या वीस मिनिटांत कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पुतणीनं सकाळी विचारलं. उत्तर आलं, "गॅरंटीपेक्षा कमी जेवले तर उरलेलं तुमचं. डबे तुम्ही आणा, आणि चारच्या आत न्या." तिनं टिपणात ओळ वाढवली, डबे कोण आणणार यापुढं लातूरच्या मावशींचं नाव टाकलं, आणि तिसऱ्यांदा पाठवलं.